पिरियॉडिक की पर्पेच्युअल: चोरी कुठे दिसते बघ

अरे, स्टॉकचा हिशेब ठेवायच्या या दोन पद्धती: पिरियॉडिकमध्ये वर्षअखेरीस माल मोजून विकलेल्या मालाची कॉस्ट काढतात, पर्पेच्युअलमध्ये प्रत्येक विक्रीला ती लगेच नोंदतात. ओपनिंग स्टॉक अधिक खरेदी वजा क्लोजिंग स्टॉक हा फॉर्म्युला पाठ आहे ना तुझा, मग आता आकडे टाकून बघ. ओपनिंग स्टॉक ४०,००० आणि वर्षाची खरेदी १,६०,०००, म्हणजे झाले २ लाख, आणि ३१ मार्चला माल मोजला तर ५०,००० चाच निघाला. पिरियॉडिकमध्ये सरळ वजाबाकी करायची, विकलेल्या मालाची कॉस्ट १,५०,०००, विषय संपला. पण यात चोरीला गेलेला, उंदरांनी खाल्लेला मालपण ‘विकला’ म्हणूनच धरला जातो!

पर्पेच्युअलमध्ये प्रत्येक बिलाला कॉस्ट तिथल्या तिथे पडते, समज वर्षभरात १,४४,००० पडली, तर पुस्तकात स्टॉक ५६,००० दिसणार आणि गोडाऊनमध्ये ५०,०००, म्हणजे ६,००० ची तूट वेगळी उघडी पडते. अर्थात सॉफ्टवेअर असलं तरी माल मोजणं काही टळत नाही, मोजलंच नाहीस तर ती तूट दिसणारच नाही.