स्पीड टेस्टला मुंबईचा सर्व्हर निवडला की ९५ एमबीपीएस, लंडनचा निवडला की ६०. खरा आकडा कोणता?

घरची लाइन तपासायची असेल तर मुंबईचा धरा, पण सर्व्हर शक्यतो दुसऱ्या इंटरनेट कंपनीचा निवडा. तुमच्याच कंपनीचा सर्व्हर बहुधा तिच्याच नेटवर्कमध्ये असतो, त्यामुळे बाहेरचा रस्ता मोजलाच जात नाही (आकडा छान दिसतो, एवढंच). लंडनचा आकडा पडतो तो मुख्यतः पिंगमुळे, म्हणजे डेटा जाऊन पोच परत यायला लागणाऱ्या वेळामुळे. पाठवणारा थोडा डेटा सोडतो आणि पोच आल्यावरच पुढचा सोडतो. समजा, एका फेरीत १ मेगाबाइट, म्हणजे ८ मेगाबिट, जातो. मुंबईत पिंग ५ मिलिसेकंद असेल तर सेकंदाला २०० फेऱ्या होतात, १०० ची लाइन सहज भरते. लंडनला १३० मिलिसेकंद धरले तर जेमतेम पावणेआठ फेऱ्या, म्हणजे साधारण ६० एमबीपीएस, लाइन ठणठणीत असूनही. speedtest.net वर Connections हे Single वर असेल तर Multi करून बघा. एकदम बरीच कनेक्शन्स चालतात आणि लंडनचा आकडा वर चढायला हवा. तरीही रात्रीच तेवढा पडत असेल, तर मात्र वाटेत कुठेतरी गर्दी आहे. आणि हे सगळं केबल लावून करा. वायफायवर मुंबईचा आकडाही फसवतो.