शेंगेनचा अर्ज नक्की कोणाकडे करायचा

प्रश्न: १२ रात्रींची ट्रिप आहे. पॅरिस ४, इंटरलाकन ३, मग व्हेनिस २, फ्लॉरेन्स १, रोम २. पॅरिसला उतरणार आणि सगळ्यात जास्त मुक्कामही तिथेच, म्हणजे व्हिसा फ्रान्सचाच ना? फ्रान्सची अपॉइंटमेंटही लवकर मिळतेय.

नाही, या प्लॅनवर अर्ज इटलीकडे करावा लागेल. मोजणी शहराची नसते, देशाची असते. व्हेनिस, फ्लॉरेन्स आणि रोम मिळून इटलीच्या ५ रात्री होतात, फ्रान्सच्या ४ आणि स्वित्झर्लंडच्या ३. एका शहरात सगळ्यात जास्त पॅरिसला राहताय हे खरं, पण त्याला इथे काही अर्थ नाही.

नियमात शब्द 'दिवस' असा आहे, म्हणून दिवस लावूनही बघू. समजा ५ मेला पॅरिसला उतरलात, ९ ला इंटरलाकन, १२ ला व्हेनिस आणि १७ ला रोमहून परत. ज्या दिवशी बॉर्डर ओलांडता तो दिवस दोन्ही देशांत धरला तर फ्रान्स ५, स्वित्झर्लंड ४, इटली ६. दोन्ही हिशोबांत इटलीच पुढे, म्हणजे इथे शंकेला जागा नाही.

'जिथे उतरतो त्याचा व्हिसा' हे सगळीकडे ऐकायला मिळतं ते अर्धवट आहे. शेंगेनच्या व्हिसा कोडमध्ये (२००९ चा आहे, कलम ५) क्रम असा आहे की एकच देश असेल तर तोच, अनेक असतील तर ज्याचा मुक्काम मोठा किंवा जो ट्रिपचं मुख्य कारण आहे तो, आणि यातून मुख्य देश ठरतच नसेल तरच जिथून पहिल्यांदा शेंगेनमध्ये शिरता तो. म्हणजे उतरण्याचा मुद्दा सगळ्यात शेवटी येतो. 'मुख्य कारण' म्हणजे काय, तर समजा पॅरिसला तुमची ३ दिवसांची कॉन्फरन्स असती आणि त्यासाठीच निघाला असतात, बाकी फिरणं त्याला जोडून, तर इटलीच्या रात्री जास्त असूनही फ्रान्सकडे अर्ज करता आला असता, फक्त कॉन्फरन्सचं पत्र वगैरे जोडून ते नीट दाखवावं लागतं. तुमची तर सरळ फिरण्याची ट्रिप दिसतेय, त्यामुळे मुक्कामच बघतील.

आणि हो, इटलीचा व्हिसा घेऊन पॅरिसला उतरता येतं, बिनधास्त. नेहमीचा शेंगेन व्हिसा सगळ्या शेंगेन देशांत चालतो. इमिग्रेशनला विचारलं तर इटलीची हॉटेल बुकिंग्ज आणि रोमचं परतीचं तिकीट दाखवायचं, म्हणून प्रिंट हँडबॅगेत ठेवा, चेक-इन बॅगेत नको. मध्येच लंडन घालायचा विचार आला तर मात्र थांबा, यूके शेंगेनमध्ये नाही, तिथल्या रात्री या हिशोबात येत नाहीत आणि परत आत यायला सिंगल एंट्री पुरत नाही.

आता लवकरच्या अपॉइंटमेंटबद्दल, कारण खरा मोह तिथेच आहे. आम्ही हेच केलं होतं, जास्त रात्री एका देशात आणि अर्ज दुसऱ्याकडे, का तर तारीख लवकरची मिळत होती. कॉन्सुलेटने कागद बघून अर्ज तसाच परत पाठवला, हे आमच्याकडे येत नाही म्हणून. तो रिजेक्ट धरला गेला नाही आणि व्हिसा फी परत मिळाली, नियमातच तसं आहे. पण व्हिसा सेंटरचा सर्व्हिस चार्ज गेला आणि जवळजवळ दोन आठवडे गेले, आणि मग योग्य देशाची तारीख मिळवताना घरात सगळ्यांचे चेहरे पडले होते.

याहून वाईट म्हणजे फ्रान्सची खोटी बुकिंग्ज दाखवून व्हिसा घ्यायचा आणि नंतर ती कॅन्सल करायची. असं कृपया करू नका. फसवून घेतलाय असं बॉर्डरवर दिसलं तर तिथेच व्हिसा रद्द करता येतो, आणि ती नोंद पुढच्या अर्जाच्या वेळी समोर येते.

अर्ज ६ महिने आधीपासून करता येतो आणि निदान १५ दिवस आधी द्यायचा असतो, निर्णयालाही साधारण १५ दिवस धरा, कधीकधी ४५ पर्यंत जातात. म्हणून इटलीचा स्लॉट आजच बघायला लागा. अगदीच मिळत नसेल तर प्लॅनच बदला, पण खराखुरा. फ्लॉरेन्सची रात्र काढून पॅरिसला जोडलीत की फ्रान्स ५ आणि इटली ४ होतं, मग फ्रान्सकडे हक्काने जाता येईल. फक्त रात्र नुसती काढून ४-४ अशी बरोबरी करू नका, मग पहिल्या एंट्रीचा प्रश्न येतो आणि तुमची फ्लाइट दुसऱ्याच कुठल्या शेंगेन एअरपोर्टवर बदलत असेल तर आणखी गुंता. एका देशाची एक तरी रात्र स्पष्ट जास्त ठेवा, आणि विमान, हॉटेल, ट्रेन सगळ्या कागदांवर त्याच तारखा येऊ द्या.