एलटीएचे ४० हजार आणि गोव्याची लकी ड्रॉ

*मी बेळगावात उद्यमबागला एका फाउंड्रीत क्वालिटी विभागात आहे. वय ३९, पगार वर्षाला ११ लाख ४० हजार, त्यात एलटीए, म्हणजे रजा-प्रवास भत्ता, ४० हजार. घर वडिलांचं, कर्ज नाही. एलटीए आणि ८०सीच्या बचतीवरच्या सवलतीसाठी जुनी करप्रणालीच ठेवली आहे. डिसेंबरमध्ये रजा काढून गोव्याला आमच्या गाडीने गेलो. रिसॉर्टचं ५८ हजारांचं बिल आणि पेट्रोलच्या पावत्या दिल्या, पण अकाउंट्सने परत केल्या आणि मार्चमध्ये टॅक्स कापला. तिथेच लकी ड्रॉ लागून साडेतीन लाखांची हॉलिडे मेंबरशिप घेतली, २५ वर्षांची. ५० हजार रोख, बाकी कर्ज, हप्ता १० हजार, तीन वर्षं. 'एलटीएमधून वसूल होईल' असं मेंबरशिप विकणारा मुलगा म्हणाला. एलटीए कसा मिळवू? — एक वाचक, बेळगाव*

अकाउंट्सवाल्यांनी बरोबर केलं. एलटीएची सूट फक्त प्रवासभाड्याला असते. खोली, जेवण, तिथलं फिरणं, यातलं काहीच धरत नाहीत. स्वतःच्या गाडीच्या पेट्रोलच्या पावत्याही बहुतेक कंपन्या घेत नाहीत. रेल्वेने गेलात तर जवळच्या मार्गाच्या फर्स्ट एसी भाड्यापर्यंत आणि विमानाने गेलात तर इकॉनॉमी भाड्यापर्यंत, पण प्रत्यक्ष खर्च झाला तेवढंच. प्रवास भारतातला हवा, तुम्ही रजेवर हवेत आणि सोबतही हवेत. बायको-मुलं तुमच्याविना गेली तर तो प्रवास धरत नाहीत.

समजा तुम्ही चौघं गोवा एक्सप्रेसने थर्ड एसीने दिल्लीला गेलात. जाऊन-येऊन माणशी ४ हजार धरा, म्हणजे १६ हजार. तेवढेच करमुक्त. उरलेले २४ हजार बुडत नाहीत, ते तुमच्या हातात येतात, पण पगार म्हणून, कर कापून. एलटीए म्हणजे वेगळी बक्षिसी नाही. तो तुमच्याच पगाराचा तुकडा आहे, आणि तिकीट दाखवलं नाही तर त्याला पगाराचाच नियम लागतो.

ही सूट चार कॅलेंडर वर्षांच्या ब्लॉकमध्ये दोनदाच मिळते. २०२२ ते २०२५ चा ब्लॉक डिसेंबर २०२५ ला संपला. त्यात तुम्ही एकही प्रवास दाखवला नसेल, तर एक प्रवास २०२६ मध्ये करून दाखवता येतो, दुसरा गेला. पण या प्रवासाच्या मागे लागू नका, कारण तुमचं खरं नुकसान वेगळीकडे झालं आहे.

पगारातून ५० हजारांची स्टँडर्ड डिडक्शन आणि ८०सीचे पूर्ण दीड लाख वजा केले तर ९ लाख ४० हजार उरतात. जुन्या प्रणालीत त्यावर सेससह साधारण १ लाख ४ हजार कर. एलटीएचे सगळे ४० हजार मान्य झाले असते तरी ९६ हजार. म्हणजे ज्याच्यासाठी तुम्ही भांडताय ते आठ हजार. आता नवी प्रणाली घ्या. तिथे एलटीए नाही, ८०सी नाही. ११ लाख ४० हजारांतून ७५ हजार वजा, उरले १० लाख ६५ हजार. २०२५-२६ पासून १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर रिबेटमुळे कर शून्य. पगाराखेरीज दुसरं उत्पन्न नाही असं मी धरतोय.

आठ हजारांसाठी तुम्ही लाखभर भरताय. कंपनीला जुनी प्रणाली कळवली असली तरी रिटर्न भरताना ती बदलता येते. फॉर्म १६ हातात आला की ३१ जुलैच्या आत नव्या प्रणालीत रिटर्न भरा, कापलेला टीडीएस परत येईल. चालू वर्षासाठी कंपनीला आजच कळवा.

आता ती मेंबरशिप. 'एलटीएमधून वसूल' म्हणणाऱ्या त्या पोराला एलटीए म्हणजे काय हेच ठाऊक नाही, किंवा ठाऊक असून बोलला. खोलीचा खर्च एलटीएत बसतच नाही, हे आता तुम्हाला माहीत आहे. लकी ड्रॉ लागलेल्या माणसाने साडेतीन लाख द्यायचे, ही कसली लॉटरी? कर्जाचं व्याज धरून साधारण चार लाख दहा हजार जाणार, २५ वर्षांत वाटले तर वर्षाला १६ हजार. देखभालीची वार्षिक फी तुम्ही लिहिलेली नाही. ती १५ हजार असेल आणि वर्षाला सात रात्री मिळत असतील, तर एक रात्र साडेचार हजारांच्या आसपास पडते. ती फी दरवर्षी वाढणार, आणि मे महिन्यात हवी ती खोली मिळेलच असं नाही.

करारातलं रद्द करण्याचं कलम काढा आणि पैसे परत मागणारं पत्र रजिस्टर्ड पोस्टाने पाठवा, फोनवर बोलत बसू नका. एलटीएबद्दलचं आश्वासन व्हॉट्सॲपवर असेल तर ते जपून ठेवा. दाद मिळाली नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येतं. दरम्यान हप्ता चुकवू नका, कारण कर्ज देणारी संस्था वेगळी आहे आणि तुमचा सिबिल बिघडेल. टीडीएस परत आला की आधी मुदतपूर्व फेडीचा दंड किती हे विचारा, तो किरकोळ असेल तर ते लाखभर रुपये थेट या कर्जात भरा.