क्रेब्ज चक्रासाठी जागरण नको

चि.…स,
अनेक आशीर्वाद.

बारावीच्या जीवशास्त्राला अजून महिना आहे, म्हणून पेशीच्या श्वसनातलं क्रेब्ज चक्र शेवटच्या दोन रात्री जागून उरकेन, असं तू लिहिलंस. खरं सांगते, दुसऱ्या दिवशी सकाळी त्यातलं बरंचसं आठवेलही. पण प्रवेश परीक्षेला तेच चक्र पुन्हा नव्याने पाठ करत बसशील.

हर्मन एबिंगहाउस या जर्मन संशोधकाने स्वतःलाच निरर्थक अक्षरांच्या याद्या पाठ करायला लावून 1885 मध्ये निष्कर्ष छापले. बारा अक्षरांची यादी आदल्या एकाच दिवशी 68 वेळा घोकून ती पुन्हा पाठ करताना जेवढा फायदा झाला, तेवढाच आधीच्या तीन दिवसांत वाटून केलेल्या 38 उजळण्यांनी झाला. जवळजवळ निम्म्या कष्टात तेच काम.

असं का होतं? थोडं विसरल्यावर मेंदूला ती गोष्ट शोधून काढावी लागते आणि या शोधण्यानेच ती पक्की होते. लागोपाठ पाचव्यांदा वाचताना शोधायचं काहीच उरत नाही. पान ओळखीचं वाटतं आणि आपण त्या ओळखीलाच ‘येतंय’ समजतो. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांच्या 2006 च्या प्रयोगात हे स्पष्ट दिसलं. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा उतारा पुन्हा वाचणारी मुलं पुढे होती; आठवड्याने विचारलं तेव्हा एकदा वाचून मग न बघता आठवून लिहिणारी मुलं पुढे गेली.

म्हणून आज चक्र नीट समजून घे: कुठे कार्बन डायऑक्साइड सुटतो, कुठे ऊर्जा पुढे नेणारं NADH तयार होतं. उद्या पुस्तक मिटून कोऱ्या कागदावर सायट्रेटपासून ऑक्झॅलोअ‍ॅसिटेटपर्यंत काढ. बहुधा सक्सिनेटनंतर अडखळशील, फ्युमरेट आधी की मॅलेट? लगेच पुस्तक उघडू नकोस, मिनिटभर डोकं खाजव. मग मात्र तपासच, नाहीतर चूकच पाठ होईल. फ्युमरेटला पाणी जोडलं जाऊन मॅलेट होतं, हे कारण शेजारी लिही. पुढची वेळ चार दिवसांनी, मग आठवड्याने, मग पेपरच्या आठवड्यात. हे दिवस पुढेमागे झाले तरी चालतील. आठवायला झगडावं लागतंय पण बरंचसं सापडतंय, तर अंतर बरोबर आहे. काहीच सुचत नसेल तर ते कमी कर. भराभर लिहून होत असेल तर वाढव.

आणि झोप. दिवसा शिकलेलं मेंदूच्या हिप्पोकॅम्पस या भागात तात्पुरतं धरलेलं असतं. गाढ झोपेत मेंदू त्याची पुन्हा उजळणी करतो आणि ते हळूहळू मेंदूच्या बाह्यपटलात रुजतं. जागरण केलंस तर नेमका हाच वेळ कापला जातो.

पेपरच्या आदल्या रात्री एखादा धडा राहिलाच, तर त्यातलं नेमकं तेवढं बघ आणि अकराला दिवा बंद कर. उद्या काढलेलं चक्र खाडाखोडीसकट मला पाठव, कुठे अडलीस ते बघून पुढचं अंतर ठरवू.

तुझी,
मावशी