उपास, श्रावण आणि क्रिएटिन

प्रश्न: "वजन ६८ किलो, राहायला फोंड्याला. सकाळी सातला जिम, जेवण फक्त दुपारी १२ ते रात्री ८ या वेळेत. श्रावणात सोमवार धरतो आणि महिनाभर शिवराक. रोज ५ ग्रॅम क्रिएटिन सकाळी उपाशीपोटी घेतले तर उपास मोडतो का? आणि वेळ चुकली किंवा सोमवारी घेतलेच नाही तर बाकीचे वाया जाते का?"

क्रिएटिन कॉफीसारखे घेतल्यावर तासाभरात काम करणारे नाही, आणि तुमच्या दोन्ही शंका या एका गोष्टीवर सुटतात. ते स्नायूंत साठते आणि त्या साठ्यातून काम करते. सत्तर किलोच्या माणसाच्या अंगात साधारण १२० ग्रॅम क्रिएटिन असते, त्यातले जवळजवळ सगळे स्नायूंत. काही आठवडे पावडर घेतली की ते १४०च्या आसपास जाते. जड वजनाच्या सेटमध्ये शेवटचे एक-दोन रेप्स जे जास्त निघतात ते या वाढीव वीस ग्रॅमांमुळे, आज सकाळी पोटात गेलेल्या पाचांमुळे नाही.

आता या साठ्यातून रोज किती जाते ते बघा. दिवसाला दोन टक्क्यांहून थोडे कमी क्रिएटिन क्रिएटिनिन बनून लघवीवाटे बाहेर पडते. भरलेल्या १४० ग्रॅमांतून हे झाले साधारण सव्वादोन ते अडीच ग्रॅम. म्हणजे सोमवारी काहीच घेतले नाही, अगदी पाणीसुद्धा प्यायला नाहीत, तरी मंगळवारी सकाळी तुमच्याकडे १३७-१३८ ग्रॅम उरलेले असतात. हा फरक बारबेलखाली कुणालाही जाणवणार नाही. मंगळवारी नेहमीचे ५ ग्रॅम घेतले की तो भरून निघतो. सोमवारचे म्हणून मंगळवारी दहा घेऊ नका. स्नायूंना त्याची गरज नसते आणि एका वेळी दहा ग्रॅम घेतल्यावर पोट बिघडण्याची शक्यता पाचपेक्षा बरीच जास्त असते.

अख्ख्या महिन्याचा हिशेबही घालून देतो. समजा श्रावणात पाच सोमवार आले आणि पाचही दिवशी तुम्ही काही घेतले नाही. उरलेल्या २५ दिवसांत ५ ग्रॅमप्रमाणे १२५ ग्रॅम पोटात गेले. तीस दिवसांवर वाटले तर रोजचे चार ग्रॅमांहून थोडे जास्त पडतात. भरलेला साठा टिकवायला तुमच्या वजनाला रोज ३ ग्रॅम पुरतात, त्यामुळे पाच सोमवार सोडूनही तुम्ही गरजेच्या वरच आहात.

खरी चूक दुसरीकडे होते, आणि ती मी स्वतः केली आहे. सुरुवातीच्या एका वर्षी मी श्रावण लागला म्हणून डबा कपाटात ठेवला आणि थेट चवथ झाल्यावर बाहेर काढला. "महिनाभर नियम आहेत, मग हे पण बंद" असे मनात होते. क्रिएटिन बंद केल्यावर साठा चार ते सहा आठवड्यांत मूळ पातळीवर उतरतो. माझे तेच झाले. वजन काट्यावर किलोभर कमी दिसले, ते चरबीचे नव्हते, स्नायूंतले पाणी होते. स्क्वॉटला ज्या वजनावर आठ रेप्स निघत तिथे सहावर पाय थांबायला लागले. त्यात श्रावणात आपले नुस्ते बंद. मासळीत किलोमागे साधारण चार ग्रॅम क्रिएटिन असते, म्हणजे रोज पाव किलो बांगडे-तार्ले खाणाऱ्याला जवळपास एक ग्रॅम ताटातूनच मिळत असते. ते बंद झाल्यावर शरीर यकृत-मूत्रपिंडांत बनवते तेवढ्या ग्रॅमभरावरच भागवायचे असते. म्हणून शिवराक महिन्यात क्रिएटिन चालू ठेवण्याला उलट जास्त अर्थ आहे. बाराही महिने शिवराक असणाऱ्यांचा साठा मुळातच कमी असतो, त्यांना पावडर सुरू केल्यावर फरक जास्त जाणवतो तो याचमुळे.

आता उपास मोडण्याबद्दल. इथे दोन वेगवेगळे उपास एकत्र आले आहेत, त्यांना वेगळे करून बघायला हवे.

१२ ते ८ वाला उपास शरीराच्या हिशेबाचा आहे. साध्या, चव नसलेल्या क्रिएटिन मोनोहायड्रेटचे ५ ग्रॅम पाण्यातून घेतल्याने रक्तातली साखर किंवा इन्सुलिन म्हणण्यासारखे हलत नाही. त्यामुळे सकाळी सहाला घेतले तरी तो उपास मोडत नाही. डब्यावर संत्रे किंवा आंब्याची चव लिहिली असेल तर मागची बाजू वाचा. साखर किंवा माल्टोडेक्स्ट्रिन असले तर ते खाणेच झाले.

सोमवारचा उपास मात्र संकल्पाचा आहे, आणि तो काय केल्याने मोडतो हे रसायनशास्त्र सांगू शकत नाही. तुमच्या घरी फळे, दूध, चहा चालत असेल तर पाण्यातली पावडर चालवायची की नाही हे घरच्या मोठ्यांना विचारून ठरवा. माहिती म्हणून एवढे सांगतो की बाजारातले क्रिएटिन मांसातून काढलेले नसते, ते कारखान्यात सार्कोसिन आणि सायनामाइड या रसायनांपासून बनते. कॅप्सूल घेत असाल तर तिचे कवच जिलेटिनचे, म्हणजे जनावराच्या कातडी-हाडांचे असू शकते. शिवराक पाळणाऱ्याने पावडरच घ्यावी. माझ्यापुरते मी ठरवले आहे की सोमवारी आणि एकादशीला घ्यायचे नाही. न घेतल्याने काहीच बिघडत नाही हे कळल्यावर देवाच्या दिवशी घासाघीस कशाला, असे मला मनापासून वाटते. तुम्ही संध्याकाळी पूजा करून जेवत असाल तर त्या जेवणाबरोबर घेतलेत तरी दिवस भरला. रमजानचे रोजे ठेवणारे माझे दोन जिमसोबतीही असेच करतात, इफ्तारनंतरच्या जेवणाबरोबर घेतात आणि महिनाभर त्यांचे काही अडत नाही.

वेळेने काही फरक पडतो का, तर थोडासा, आणि तोही बहुतेक पोटाच्या बाजूने. व्यायामाआधी की नंतर यावर २०१३ साली एक छोटा अभ्यास झाला, त्यात नंतर घेणाऱ्यांकडे किंचित झुकते माप दिसले. पुढच्या अभ्यासांतून तो फरक पक्का झालेला नाही. कर्बोदकांबरोबर घेतले तर इन्सुलिनमुळे स्नायूंत जास्त ओढले जाते हे खरे आहे, पण १९९६च्या ज्या प्रयोगात ते दिसले त्यात प्रत्येक पाच ग्रॅमांबरोबर नव्वदेक ग्रॅम साखर दिलेली होती, आणि तीही साठा भरण्याच्या पहिल्या दिवसांत. एकदा साठा भरला की स्नायू जास्त घेतच नाहीत, मग वर साखर ओतून उपयोग नाही. बाराच्या जेवणातला भात आणि डाळ पुरे.

तरीसुद्धा मी तुम्हाला सकाळी नको, दुपारी बाराच्या जेवणाबरोबर घ्या असेच सांगेन. कारण पाण्याचे आहे. क्रिएटिन साध्या पाण्यात फार कमी विरघळते. पाच ग्रॅम पूर्ण विरघळायला जवळजवळ ३५० मिली, म्हणजे दोन मोठे पेले पाणी लागते. घाईत अर्ध्या पेल्यात ढवळले तर तळाला वाळूसारखा गाळ बसतो. तो रिकाम्या पोटी गेला की आतड्यात पाणी ओढून घेतो, पोटात मुरडा येतो आणि जुलाब होतात. सातच्या जिमच्या आधी हे कुणालाच नको. जेवणाबरोबर हा त्रास सहसा होत नाही. कोमट पाण्यात ते लवकर विरघळते. सोलकढीत किंवा कोकम सरबतात घालून लगेच प्यायलात तर हरकत नाही, पण आंबट पाण्यात कालवून बाटली दिवसभर ठेवू नका, आम्लात क्रिएटिनचे हळूहळू क्रिएटिनिन होते आणि त्याचा स्नायूंना काही उपयोग नाही.

अजून सुरू केले नसेल आणि श्रावणातच सुरू करायचे असेल तर रोज २० ग्रॅमांचे लोडिंग करू नका. ते चार वेळा पाच-पाच ग्रॅम, दिवसभर पसरून घ्यायचे असते. आठ तासांच्या खिडकीत चार मात्रा कोंबल्या की पोट हमखास बिघडते. रोज ३ ते ५ ग्रॅमांनीही चारेक आठवड्यांत साठा तेवढाच भरतो. सोमवार सोडलेत तर फार तर तीन-चार दिवस उशीर होईल. भरत आहे की नाही हे ओळखायला सकाळी उठल्यावर एकाच वेळी वजन करा. पहिल्या महिन्यात अर्धा ते दीड किलो वाढले आणि नेहमीच्या वजनावर एखादा रेप जास्त निघू लागला तर काम होत आहे. रोज भरपूर मासळी-मटण खाणाऱ्या काहींना फरक जवळजवळ दिसत नाही, कारण त्यांचा साठा आधीच वरच्या पातळीला असतो.

एका बाबतीत मात्र सावध राहा. क्रिएटिन घेणाऱ्याच्या रक्ततपासणीत क्रिएटिनिन थोडे वर दिसू शकते, आणि निर्जळी उपासाच्या दुसऱ्या दिवशी रक्त दिले तर आणखी. त्यावरून मूत्रपिंड बिघडले असा अर्थ लागतो आणि घर घाबरते. तपासणीच्या वेळी डॉक्टरांना क्रिएटिन घेता हे आधीच सांगा, शंका राहिलीच तर ते सिस्टॅटिन सी तपासायला सांगतील, त्यावर क्रिएटिनचा परिणाम होत नाही. मूत्रपिंडाचा आजार आधीपासून असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरूच करू नका.

आणि पावसात डबा बघून घ्या. आपल्याकडच्या दमटपणात पावडरीचे खडे होतात. पांढरे, कोरडे, बिनवासाचे असतील तर चमच्याने फोडून वापरा, खराब झालेले नसतात. ओला चमचा मात्र आत घालू नका आणि झाकण घट्ट लावा.