कागद घेऊन या

परदेशातल्या तुमच्या शहरात भारतातून शिकायला आलेल्या मुलांसाठी चार घरं मिळून काही करायचं म्हणता, तर स्वागत समारंभ राहू द्या. पंधरवड्यातून एक संध्याकाळ ठरवा, वार आणि वेळ बदलू नका, आणि मुलांना सांगा, आलेली पत्रं, मेल, भाडेकरार, जे कळत नाही ते घेऊन या.

हे सुचलं एका मुलामुळे. आठवडाभर तो तापाने पडून होता आणि प्रोजेक्टची तारीख हुकली. बरं वाटल्यावर सरांना भेटून सांगू, ते सांभाळून घेतील, असं त्याने धरलं होतं. सर भले होते, पण त्यांच्या हातात काही नव्हतं. मुदतवाढ हवी तर ठरलेल्या फॉर्मवर, तारखेच्या आत, पुराव्यासह मागायची असा तिथला नियम. दाखल्यासाठी तो डॉक्टरांकडे गेला तेव्हा ताप उतरलेला. न तपासलेल्या आजाराचा दाखला त्यांनी दिला नाही.

आमच्याकडे बसून त्याने पहिल्यांदा विद्यापीठाचा मेल नीट उघडला. रोजच्या वापरात त्याचा जुना खासगी मेल होता, बहुतेक मुलांचं तसंच असतं. विद्यापीठाच्या मेलमध्ये तीन आठवड्यांचं सगळं साचलेलं. एका मेलमध्ये उशिरा अर्ज करण्याची सोय दिली होती. दहा दिवसांची मुदत, त्यातले सहा गेलेले. औषधाची पावती आणि त्या दिवसांत रूममेटला पाठवलेले मेसेज जोडून त्याने अर्ज केला आणि प्रोजेक्ट पुन्हा द्यायची परवानगी मिळाली.

अशा वेळी पत्र मुलालाच वाचू द्या. तुम्ही तीनच प्रश्न विचारा: शेवटची तारीख कोणती, नेमकं मागितलंय काय, उत्तर कुणाला द्यायचं? तारीख तिथल्या तिथे फोनमध्ये घालायला लावा. फॉर्म भरायचा मोह आवरा. आपण भरून दिला की पुढचा कागदही आपल्याकडेच येतो.

व्हिसाच्या प्रश्नावर मात्र मत देऊ नका. ऑस्ट्रेलिया, कॅनडा, ब्रिटन अशा देशांत त्याचा सल्ला कुणी द्यावा याला कायद्याची बंधनं आहेत, आणि आपल्या वेळचे नियम आता राहिलेले नसतात. विद्यापीठात परदेशी विद्यार्थ्यांसाठी वेगळा विभाग असतो, तिथे पाठवा.

एखादं मूल लागोपाठ दोनदा आलं नाही, मेसेजला पहाटे चारला उत्तर आलं, तेही फक्त "सगळं ठीक आहे" एवढंच, तर त्याला जाऊन भेटा. वर्गात जाणं थांबलंय का, हे सरळ विचारा. थांबलं असेल तर विद्यापीठाच्या समुपदेशकाची वेळ त्याच्यासमोर बसून घ्या आणि पहिल्या दिवशी दारापर्यंत सोबत जा. त्याला न सांगता आईवडिलांना फोन करू नका. जिवाला धोका वाटला तरच ही अट मोडा, एरवी मोडलीत तर ते मूल पुन्हा तुमच्याकडे कागद आणणार नाही.