दोन मॅपचे स्क्रीनशॉट, रस्ता कोणता?

प्रश्न: नागपूरहून चिखलदऱ्याला गाडीने जायचं आहे, सोबत सासूबाई आणि दोन मुलं. मी अमरावतीकडून काढलेल्या स्क्रीनशॉटमध्ये ४ तास ५० मिनिटं दिसतात. यांनी काटोल-वरुड-मोर्शीकडून काढलाय, त्यात ४ तास ४० मिनिटं आणि टोलही नाही. वळणं आणि रस्ता बघून कोणता घ्यावा?

उत्तर:

अमरावतीचा. दहा मिनिटांसाठी काटोलकडे वळू नका.

हा वाद आमच्या घरात वर्षानुवर्षं चालू आहे. माझे धाकटे दीर मिनिटं बघून रस्ता ठरवतात. त्यांनी असाच स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकला होता, "वहिनी, वेळ वाचून राहिला नं, कायले फिरून जायचं?" आणि सगळे निघालो. पुढे एका गावात मॅपने आठवडी बाजाराच्या गल्लीत घातलं. दोन्ही बाजूंना भाजीची दुकानं, समोरून बैलगाडी, आणि आमची सात सीटची गाडी. रिव्हर्स घेत बाहेर पडेपर्यंत मागच्या सीटवर धाकटीने दोनदा ओकारी काढली. ती पुसायला मी होते, दीर पुढे होते. रात्री त्यांच्या फोनवर तोच स्क्रीनशॉट मोठा करून बघितला, तर वरच्या पट्टीत कारऐवजी मोटरसायकलचं चित्र निळं होतं. ते रोज बाईकने ऑफिसला जातात आणि मॅपवर शेवटचा वापरलेला प्रकार तसाच राहिला होता. दुचाकीसाठी मॅप गल्लीबोळ धरतो आणि वेळही दुचाकीचीच सांगतो. आपल्या दोन्ही फोटोंत आधी हे चित्र बघा. मग Avoid tolls बघा. एका फोनवर ते चालू असेल तर "टोल नाही" हा त्या रस्त्याचा गुण नाही, तुम्हीच टोलचे रस्ते बाद केले आहेत.

दुसरं, फोटो कधी काढला? रात्री अकराला काढला तर ती रात्री अकराची वेळ. दोन्ही रस्ते एकाच फोनवर, निघायची तारीख आणि सकाळचे सहा टाकून परत काढा. तेव्हा मॅप एक आकडा न देता "इतक्यापासून इतक्यापर्यंत" असं सांगतो. त्या दोन आकड्यांतलं अंतर बहुतेक वेळा तुमच्या दहा मिनिटांपेक्षा मोठंच निघतं, मग भांडायला उरतं काय?

वळणांचं मात्र नीट समजून घ्या. Steps मधल्या ओळी मोजून वळणं कळत नाहीत. रस्त्याचं नाव बदललं तरी एक ओळ वाढते, तिथे स्टिअरिंग हलवायची गरजही नसते. उलट परतवाड्याहून वर चढताना घाटात एकामागून एक वळणं आहेत, पण फाटा नसला की यादीत त्यांची एकही ओळ येत नाही. चिखलदरा सुमारे १,१०० मीटर उंचीवर आहे, तिथे सरळ रस्त्याने कोणी पोचत नाही. पण हा घाट तुमच्या दोन्ही फोटोंत आहे, म्हणून तो तुलनेतून काढून टाका. फक्त नागपूर ते परतवाडा एवढाच तुकडा शेजारी ठेवा, दोन्ही सारख्याच झूमवर. एक फोटो जवळून आणि एक लांबून असेल तर नागमोडी रस्ताही सरळ दिसतो. मग फक्त डावी-उजवी सांगणाऱ्या ओळी मोजा आणि त्यातल्या किती गावाच्या आत आहेत ते बघा. अमरावतीचा हायवे चौपदरी आहे, कोंढाळी, तळेगाव, तिवसा करत गाडी एका चालीत जाते. काटोल, जलालखेडा, वरुड, मोर्शी, चांदूर बाजार या बाजूला दर थोड्या वेळाने गाव, चौक, स्पीडब्रेकर. संत्र्याच्या हंगामात ट्रॉल्या आणि ट्रक वेगळेच, आणि रस्ता दुपदरी असेल तिथे ओव्हरटेकला वाट बघावी लागते. सासूबाईंच्या कमरेला आणि मुलांच्या पोटाला हे ब्रेक लागतात, मॅपला नाही.

आमच्या दिरांना मी हेच सांगते की चालवणाऱ्याला मिनिटं दिसतात, मागे बसणाऱ्याला धक्के. मागे कोण बसणार आहे ते ठरवा आणि रस्ता त्यालाच विचारा. "यांनी काढलाय" म्हणून तो मान्य करायची काहीच गरज नाही.

आता थोडं त्यांच्या बाजूनेही. तुम्ही काटोल नाक्याजवळ राहत असाल तर वाडीकडून बाहेर पडण्याचा सकाळचा वैताग वाचतो. वरुडला कोणी नातेवाईक असतील आणि तिथेच चहा-नाश्ता होणार असेल तरी काटोलचा रस्ता चालेल. हायवेवर त्या दिवशी काम किंवा अपघातामुळे लाल पट्टा दिसत असेल तर माझं सगळं बाजूला ठेवा. परतवाड्याहून वर जायला धामणगाव गढीचा आणि घटांगचा असे दोन रस्ते आहेत, दोन्ही फोटोंत एकच धरला आहे ना ते तपासा, नाहीतर वरची सगळी वजाबाकी चुकेल. आणि ओकारीची गोळी घाटाच्या पायथ्याशी देऊन उपयोग नाही. परतवाडा यायच्या अर्धा-पाऊण तास आधी द्या, मुलांना किती द्यायची ते डॉक्टरांना विचारून.